बाजार-पाहणीचा अहवाल दुकानदाराला कसा समजावायचा: आधी ‘कोणाला विचारलं’, मग ‘काय म्हणाले’

वितरकाचा माणूस किंवा मुंबईहून शिकून आलेला पुतण्या ग्राहक-पाहणीचा अहवाल घेऊन दुकानात येतो आणि पहिल्याच पानावरचे रंगीत आलेख दाखवायला लागतो. पुढे बहुतेक वेळा दोनपैकी एक घडतं. दुकानदार ‘५८ टक्के’ ऐकून माल भरतो आणि पावसाळ्यात मुदत संपत आलेल्या बाटल्यांकडे बघत बसतो. नाहीतर तो म्हणतो, “हय कोण इलो होतो इचारूक?” आणि अहवाल वजनकाट्याखाली जातो. दोन्ही वेळा अहवालात दोष असतोच असं नाही. समजावणाऱ्याने क्रम उलटा धरलेला असतो: आकडा आधी सांगितला आणि तो कोणाचा आहे हे नंतर, किंवा कधीच नाही.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. मालवणच्या बाजारपेठेत कोकणी मेव्याचं दुकान आहे, असं धरा. तिथे कोकम सरबत, आगळ, सोलं, काजूगर, आंबापोळी, कुळथाचं पीठ, मसाला मिळतो. वितरकाने ‘पारंपरिक सरबतं आणि खाद्यपदार्थ’ या विषयावरचा अहवाल आणून दिला आहे. दुकान, अहवाल आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. ते कुठल्या खऱ्या पाहणीचे म्हणून वापरू नका. जनगणनेचे आकडे मात्र खरे आहेत.

## टप्पा १: अहवाल शेवटून वाचा

दुकानात जाण्याआधी अहवाल तुम्ही एकट्याने वाचायचा आणि सुरुवात शेवटच्या पानांपासून करायची. ‘पाहणीची पद्धत’ किंवा ‘नमुना’ अशा नावाचं एखादं पान मागे दडलेलं असतं. ते नसेल तर तक्त्यांखालच्या बारीक टिपा वाचा. त्यातून एका कागदावर पाच गोष्टी उतरवायच्या: किती जणांना विचारलं, ती माणसं कुठली, कोण चालतील आणि कोण नाही याची अट काय होती, कसं विचारलं (समोर बसून, फोनवर की ऑनलाइन), आणि कोणत्या महिन्यांत.

आपल्या उदाहरणात कागदावर हे येतं: ६०० जण, मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, वय २५ ते ४५, गेल्या ३ महिन्यांत असा एखादा पदार्थ विकत घेतलेलेच, ऑनलाइन प्रश्नावली, जानेवारी-फेब्रुवारी. माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत. पाहणी करणाऱ्यांकडे नोंदवलेल्या लोकांना दुवा पाठवला आणि स्त्री-पुरुष, वयोगट यांचा ठरवलेला वाटा भरला की थांबले. याला ‘कोटा नमुना’ म्हणतात. दुकानदाराला हा शब्द सांगायची गरज नाही; तुम्हाला मात्र तो ओळखता आला पाहिजे.

‘अट’ ही ओळ सगळ्यात जास्त वेळा वाचायची राहते. इथे ज्यांनी असा पदार्थ आधीच घेतला आहे त्यांनाच विचारलं आहे. म्हणजे अहवालातला ‘ग्राहक’ म्हणजे दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस नव्हे. जो फक्त काजू घेऊन जातो, त्याच्याबद्दल हे ६०० जण काहीच सांगत नाहीत.

तपासा: पाचपैकी दोन गोष्टी अहवालात सापडत नसतील तर दुकानदाराकडे जाऊ नका. आधी अहवाल देणाऱ्याला विचारा. उत्तर येत नसेल तर तो अहवाल जाहिरातीच्या पत्रकाइतकाच धरायचा.

## टप्पा २: जास्तीत जास्त तीन कल निवडा

अडतीस पानांत पंचवीस आलेख असतील, पण दुकानदाराला ठरवायचं असतं फळीवर काय ठेवायचं आणि किती. ज्या आकड्यामुळे त्याच्या खरेदीत, किमतीत किंवा मांडणीत काही बदलणार नाही तो आकडा तुमच्यापाशीच राहू द्या. ‘४० टक्के लोकांना परंपरेशी नातं वाटतं’ अशा वाक्याने एकही बाटली इकडची तिकडे होत नाही.

आपण तीन कल घेऊ:

१. मोठ्या बाटलीपेक्षा लहान बाटली बरी म्हणणारे: ५८ टक्के.
२. बिनसाखरेच्या सरबताला थोडे जास्त पैसे देऊ म्हणणारे: ४४ टक्के. गेल्या वर्षभरात कोकणात फिरायला आलेल्यांत हाच आकडा ५० टक्के.
३. गेल्या ३ महिन्यांत असे पदार्थ ऑनलाइन मागवलेले: गेल्या वर्षी २४ टक्के, यंदा ३१ टक्के. अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘ऑनलाइन खरेदीत २९ टक्के वाढ’ असं छापलं आहे.

आता प्रत्येक टक्क्याची माणसं करा. ६०० पैकी ५८ टक्के म्हणजे ३४८ जण. ‘कोकणात आलेले’ किती, हे तक्त्याखाली बारीक अक्षरात सापडतं: ७२. त्यातले ५० टक्के म्हणजे ३६ माणसं. मुखपृष्ठावरचे २९ टक्के हे २४ वरून ३१ झाल्याचं गुणोत्तर आहे. दर शंभरात सात माणसं वाढली, असंच ते दुकानात सांगायचं. ‘२९ टक्के वाढ’ ऐकल्यावर आपलं तीस टक्के गिऱ्हाईक ऑनलाइन गेलं असं वाटतं, आणि तो समज एकदा बसला की काढणं कठीण.

प्रत्येक कलाचा मूळ प्रश्नही शोधून ठेवा. दुसऱ्या कलाचा प्रश्न परिशिष्टात असा निघाला असं समजू: ‘आरोग्यासाठी चांगला असा बिनसाखरेचा पर्याय उपलब्ध झाल्यास आपण त्यासाठी थोडी अधिक किंमत द्याल का?’ ‘आरोग्यासाठी चांगला’ म्हटल्यावर नाही म्हणणारा विरळा, आणि ‘थोडी अधिक’ म्हणजे ५ रुपये की ५० हे कुठेच नाही. हे ४४ टक्के लोकांनी होकार दिला आहे, पैसे दिलेले नाहीत.

## टप्पा ३: दुकानाचं गिऱ्हाईक दुकानदाराकडूनच मांडून घ्या

हा टप्पा लोक सरसकट गाळतात. पण यात दुकानदार जे सांगतो त्याच्याशी जुळवल्याशिवाय अहवालातल्या नमुन्याची मर्यादा दाखवताच येत नाही.

वेळ निवडताना दुपारी दोन ते चार बरी, दुकान अर्धं ओढलेलं असतं तेव्हा. आठवडा बाजाराचा दिवस नको, आणि गणपतीआधीचे आठ-दहा दिवस तर नकोतच. अहवाल पिशवीतच ठेवा. कोरा कागद घ्या आणि विचारा: “काका, सरबत कोण कोण नेतं? कुठल्या महिन्यात?”

बहुतेक दुकानदार गिऱ्हाइकांचे तीन ढीग लगेच करतात. पहिला पर्यटकांचा: दिवाळीच्या सुट्टीपासून मेअखेरपर्यंत, शनिवार-रविवारी जास्त, नाताळच्या आठवड्यात आणि मे महिन्यात तुडुंब. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद होतात तेव्हा हा ढीग आटतो. दुसरा चाकरमान्यांचा, गणपती आणि शिमग्याला. तिसरा गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांमधल्या घरांचा. ही माणसं वर्षभर येतात, पण आगळ आणि सोलं जास्त नेतात आणि साखरेचं सरबत बऱ्याचदा घरीच करतात.

आता त्यालाच विचारा की सरबताच्या १०० रुपयांपैकी प्रत्येक ढिगाचे किती. हिशेब वहीतून निघाला तर उत्तम, नाहीतर अंदाज चालेल. धरू या की तो म्हणाला: पर्यटक ६०, चाकरमानी २५, गावातले १५. हे आकडे मोठ्या अक्षरात लिहून कागद मधे ठेवा.

सावध: दुकानदाराच्या अंदाजाचाही स्वतःचा कल असतो. मे महिन्यात विचाराल तर पर्यटकांचा आकडा फुगतो आणि गणपतीनंतर विचाराल तर चाकरमान्यांचा. म्हणून ‘गेल्या मे महिन्यात’, ‘गेल्या श्रावणात’ असं महिन्याचं नाव घेऊन विचारा.

## टप्पा ४: आता अहवाल काढा, पण पहिलं वाक्य नमुन्याचं

पहिलं वाक्य साधारण असं: “काका, यांनी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर या शहरांतल्या पंचवीस ते पंचेचाळीस वयाच्या ६०० माणसांना मोबाइलवर विचारलंय, जानेवारी-फेब्रुवारीत. मालवणात कोणालाच विचारलेलं नाही.”

वितरकाच्या माणसाला हे वाक्य आधी सांगायला धास्ती वाटते, की ऐकणारा पुढचं ऐकणारच नाही. होतं उलटं. जो प्रश्न दुकानदार मनात धरून बसलेला असतो तो तुम्ही स्वतःच काढल्यावर तो पुढे सरकून बसतो. हेच वाक्य शेवटी सांगितलं तर आधीचं सगळं त्याला लपवाछपवी वाटतं.

यानंतर त्याच्या तीन ढिगांच्या कागदावर बोट ठेवत नमुना जुळवा. अहवालातले शहरी लोक त्याच्या पहिल्या ढिगाशी बऱ्यापैकी जुळतात, कारण मालवणला येणारा पर्यटक बराचसा याच शहरांतून येतो. म्हणून अहवाल फेकून देण्यासारखा नाही. तिसऱ्या ढिगाबद्दल मात्र तो मुका आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत लाखाच्या वर वस्तीचं एकही शहर नव्हतं. खुद्द रत्नागिरी शहर पाऊण लाखाच्या आसपास होतं. ‘मोठ्या शहरांतली पाहणी’ म्हटली की हे दोन्ही जिल्हे आपोआप बाहेर राहतात. अहवालावर ‘महाराष्ट्रातील ग्राहक’ असं छापलेलं असलं तरीही.

दुसऱ्या ढिगापाशी जरा थांबावं लागतं. चाकरमानी मुंबईतच राहतो, तेव्हा तो नमुन्यात आलाही असेल. पण जानेवारीत डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बसून उत्तर देताना तो चार माणसांच्या घराचा विचार करून ‘लहान बाटली’ म्हणतो. तोच माणूस गणपतीला गावी येतो तेव्हा घरात पंधरा माणसं, आरतीला येणारे वेगळे. तेव्हा त्याला मोठा कॅन लागतो आणि परत जाताना शेजाऱ्यांसाठी चार बाटल्या. माणूस नमुन्यात सापडला, त्याची गणपतीतली खरेदी सापडली नाही. पाहणीचे महिने म्हणूनच बघायचे.

वयाची अटही दुकानदाराच्या लक्षात आणून द्या. बिनसाखरेचं सरबत मागणारं गिऱ्हाईक कोण, असं त्यालाच विचारलंत तर तो बहुधा साठीच्या आसपासच्या माणसांकडे बोट दाखवेल. अहवालात पंचेचाळिशीच्या वरचं कोणीच नाही. तेव्हा ४४ हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त आहे की कमी हेही सांगता येत नाही: प्रश्नाच्या शब्दांनी तो वर ढकलला असेल आणि वयाच्या अटीने खाली.

तपासा: इथवर आल्यावर दुकानदाराला विचारा, “मग हा अहवाल कोणाबद्दल सांगतो?” ‘मुंबई-पुण्याच्या तरुण पर्यटकांबद्दल’ अशा अर्थाचं उत्तर आलं तर पुढे जा. ‘गिऱ्हाइकांबद्दल’ असं आलं तर पुन्हा ढिगांच्या कागदावर या.

## टप्पा ५: ‘अधिक-उणे’ सांगायचं ते माणसांत, आणि दोन मर्यादा वेगळ्या ठेवून

नमुन्याच्या मर्यादा दोन जातींच्या आहेत आणि लोक त्या एकत्र कालवतात. एक, विचारलेली माणसं थोडी असल्यामुळे आकडा इकडेतिकडे सरकतो. दुसरी, ज्यांना विचारायला हवं होतं ते नमुन्यात नाहीतच. पहिलीवर जास्त माणसं विचारणं हा उपाय आहे. दुसरीवर तो उपाय चालत नाही.

इथे दुकानदार स्वतःच म्हणेल, “शितावरून भाताची परीक्षा होते की!” होते, पण पातेलं एकच असेल आणि भात ढवळलेला असेल तर. पुण्याच्या पातेल्यातली शितं ६०० ऐवजी ६,००० काढली म्हणून मालवणचा भात शिजला की नाही हे कळत नाही. एवढं सांगून पुढे जा; ही गोष्ट ताणायची नाही.

थोड्या माणसांमुळे आकडा किती सरकतो, याचा कच्चा हिशेब तुम्हाला पाठ हवा: शंभराला विचारलेल्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. १०० माणसं असतील तर अधिक-उणे १० टक्के, ४०० असतील तर ५, ६०० असतील तर ४. माणसं चौपट केली तेव्हा चूक निम्मी होते, हे लक्षात ठेवलं की ‘आणखी शंभर माणसं विचारली असती तर?’ या प्रश्नाचं उत्तर देता येतं. हा हिशेब शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येईल अशा खात्रीचा आहे, आणि ५० टक्क्यांच्या आसपासच्या आकड्यांना तो नीट बसतो.

तेव्हा पहिला कल, ६०० जणांचा ५८ टक्के, म्हणजे साधारण ५४ ते ६२. निम्म्याहून जास्त लोक लहान बाटली म्हणतात, हे टिकतं.

वितरक मात्र जोर देईल ‘कोकणात येणाऱ्यांपैकी निम्मे बिनसाखरेचं मागतात’ यावर. तो आकडा ७२ जणांचा आहे. ७२ चं वर्गमूळ साडेआठच्या जवळ, म्हणजे अधिक-उणे जवळजवळ १२. मग ५० टक्के म्हणजे ३८ ते ६२. सगळ्यांचा आकडा ४४ होता, तो याच पट्ट्यात बसतो. तेव्हा कोकणात येणारे बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत, असं या अहवालावरून म्हणता येत नाही. दुकानदाराला एवढंच सांगा: “कोकणात आलेले फक्त ७२ जण होते. त्यातल्या ३६ जणांनी हो म्हटलं. दुसरे ७२ विचारले असते तर तीसही म्हणाले असते, नाहीतर बेचाळीसही.”

सावध: हा अधिक-उणेचा हिशेब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. ऑनलाइन कोटा नमुन्यात तो फक्त सगळ्यात कमी किती चूक असेल तेवढं सांगतो. खरी चूक त्याहून मोठी असू शकते. अहवालात ‘चूक फक्त ४ टक्के’ असं ठळक छापलेलं दिसलं की दुकानदाराला सांगा, ही थोड्या माणसांमुळे होणारी चूक आहे, सुटलेल्या माणसांची यात धरलेली नाही.

उलट टोकाची चूकही होते. ‘सहाशे माणसांवरून काय कळतं’ म्हणून लोक अहवाल झटकतात. महाराष्ट्राची लोकसंख्या कोट्यवधी आहे म्हणून नमुनाही लाखांचा लागतो असं नाही. नीट निवडलेले ६०० पुरेसं सांगतात. आपली अडचण ते सहाशेच का, ही नसून ते सहाशे कोण, ही आहे.

## टप्पा ६: ‘वाढ झाली’ म्हटलं की दोन्ही वर्षांची पद्धत समोरासमोर ठेवा

तिसरा कल, ऑनलाइन खरेदी २४ वरून ३१, दुकानदाराला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. आपलं गिऱ्हाईक फोनवरून मागवायला लागलं की काय, ही भीती त्यामागे असते. म्हणून हा कल शेवटी घ्या.

आधी फरक टिकतो का ते बघा. दोन्ही वर्षी सहाशे-सहाशे जणांना विचारलं असेल तर दोन आकड्यांमधल्या फरकाची चूक एका आकड्याच्या चुकीपेक्षा मोठी असते, कारण दोन्ही बाजू सरकतात. इथे ती ५ टक्क्यांच्या आसपास येते. फरक ७ चा आहे, म्हणजे गणिताच्या परीक्षेत तो पास.

आता मागचं पान उघडा. यंदाची पाहणी ऑनलाइन झाली. गेल्या वर्षीची? बारीक टीप सांगते: ‘घरोघरी प्रत्यक्ष मुलाखत.’ आपल्या उदाहरणातला कल इथेच कोसळतो. जी माणसं ऑनलाइन प्रश्नावली भरायला तयार होतात, ती वस्तूही ऑनलाइन मागवण्याची शक्यता दारात भेटलेल्या माणसापेक्षा जास्त. मग हे सात टक्के लोकांची सवय बदलल्यामुळे आले की विचारण्याची पद्धत बदलल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. दोन्ही वर्षी ऑनलाइन विचारलं असतं तरी ३१ हा आकडा फुगलेलाच राहिला असता, फक्त वाढ तेवढी विश्वासाची झाली असती.

दुकानदाराला हे दोन वाक्यांत बसवा: “ऑनलाइन घेणारे वाढलेत का, हे यावरून ठरत नाही. गेल्या वर्षी घरी जाऊन विचारलं, यंदा मोबाइलवर.” वाढ झालीच नाही, असं म्हणू नका. तेही या अहवालातून निघत नाही, आणि पुढच्या वर्षी खरी वाढ दिसली तर तुमचा शब्द जातो.

## टप्पा ७: माणसांचे टक्के आणि गल्ल्याचे रुपये एक नव्हेत

‘५८ टक्के लोकांना लहान बाटली हवी’ ऐकून दुकानदार अर्ध्याहून जास्त फळी लहान बाटल्यांना द्यायला निघतो. त्याला कागदावर दहा गिऱ्हाइकं काढून दाखवा. सहा जणांनी ६० रुपयांची लहान बाटली घेतली: ३६० रुपये. चार जणांनी १८० ची मोठी घेतली: ७२० रुपये. माणसं लहान बाटलीकडे जास्त आहेत, पैसा मोठ्या बाटलीतून दुप्पट येतो आहे. शिवाय तेवढ्याच सरबताला लहान बाटल्यांची फळीवर जागा जास्त लागते आणि त्या रोज मांडाव्या लागतात.

याचा अर्थ लहान बाटली ठेवू नये असा नाही. एसटीने किंवा रेल्वेने परतणाऱ्या पर्यटकाला ती पिशवीत बसते, आणि जो एरवी काहीच घेणार नव्हता तो एखादी उचलतो. ही नवी विक्री आहे की मोठ्या बाटलीचंच गिऱ्हाईक लहानीवर उतरलं, हे अहवालाला माहीत नाही. ते दुकानातच मोजावं लागतं.

## टप्पा ८: दुकानात स्वतःची नोंद ठेवा

काउंटरवर वहीचं एक पान आडवं ठेवा. ओळी तीन: पर्यटक, चाकरमानी, गावातले. रकाने चार: लहान घेतली, मोठी घेतली, बिनसाखरेची विचारली, सरबत बघून न घेता गेले. सरबतापाशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक रेघ मारायची. पाचवी रेघ आडवी, म्हणजे मोजायला सोपं. विचारलीही आणि मोठी घेतलीही, तर रेघ दोन्हीकडे; म्हणून एकूण गिऱ्हाइकं कडेला वेगळी मोजा.

नोंद दोन पूर्ण आठवडे ठेवा, सोमवार ते रविवार. फक्त शनिवार-रविवार मोजले तर पर्यटकच दिसतील. सगळ्यात जास्त रेघा बुडतात त्या गर्दीच्या तासात, जेव्हा बस थांबते आणि वीस माणसं एकदम आत शिरतात. त्या वेळी रेघा कोण मारणार हे आधीच ठरवा. आणि बिनसाखरेचं आहे का, असं दुकानदाराने स्वतःहून विचारायचं नाही. त्याने विचारलं की उत्तर बदलतं. अहवालातल्या प्रश्नाचं तेच झालं होतं.

हा नमुनाही लहानच आहे, आणि तो फक्त त्या पंधरा दिवसांचा आहे, हे विसरू नका. ६० गिऱ्हाइकांपैकी एकानेही बिनसाखरेची चौकशी केली नाही, तर मागणी शून्य असं म्हणता येत नाही. एकही नोंद नसताना तीनला एकूण संख्येने भागायचं: ६० मध्ये ३, म्हणजे खरा आकडा ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ६० पैकी ९ जणांनी विचारलं तर १५ टक्के, आणि सरकण्याची शक्यता धरून साधारण ६ ते २४.

तपासा: नोंद मे महिन्यातली असेल तर पानावर तसं लिहा. गणपतीच्या खरेदीसाठी ते पान वापरायचं नाही, त्यासाठी वेगळं पान.

## टप्पा ९: माल उचलताना खालचा आकडा धरा

आठवड्याला सरबताची १०० गिऱ्हाइकं येतात असं धरू. ६ ते २४ टक्के म्हणजे ६ ते २४ चौकशा. चौकशी करणारा प्रत्येक जण घेणार नाही. पहिल्या उचलीला खालचं टोक धरा: आठवड्याला ६, चार आठवड्यांच्या २४ बाटल्या, म्हणजे बाराच्या दोन पेट्या. माल संपला तर पुन्हा मागवता येतो. उरलेला माल पावसाळ्यात कोणी घेत नाही.

बिनसाखरेच्या मालाबाबत एक गोष्ट अहवाल सांगणार नाही. साखरेच्या पाकातलं सरबत टिकतं ते मुख्यतः त्या साखरेमुळे. साखर काढली की उघडलेली बाटली लवकर बिघडण्याची शक्यता वाढते आणि फ्रिज लागतो. प्रवासात असलेल्या पर्यटकाला हे विकताना सांगावं लागेल, नाहीतर तक्रार दुकानावर येईल. दुसरं म्हणजे दुकानात आगळ आधीपासून आहे आणि त्यात साखर नसते, मीठ असतं. बिनसाखरेचं मागणाऱ्याला आगळ दाखवून बघा, मात्र रक्तदाबाचा त्रास असलेल्याला मिठाची कल्पना द्या. नवा माल न भरताही यातली काही मागणी भागते, आणि किती भागते ते त्याच पानावर पाचवा रकाना आखून कळतं.

वितरकाला होकार देण्याआधी दुकानदाराच्या हातात चार प्रश्न लिहून द्या, म्हणजे तुम्ही नसतानाही तो विचारू शकेल:

- मुदत किती, आणि माल हातात येईल तेव्हा त्यातले किती महिने उरलेले असतील?
- न खपलेल्या बाटल्या परत घेणार का, आणि ते बिलावर लिहून देणार का?
- ‘कोकणात आलेले’ ते ७२ जण कोणत्या भागात आले होते, अलिबागला की मालवणला?
- पुढच्या पाहणीत पद्धत यंदासारखीच ठेवणार का, आणि पंचेचाळिशीच्या वरची माणसं घेणार का?

दुसऱ्या प्रश्नाला तोंडी ‘हो’ आलं आणि बिलावर काहीच उमटलं नाही, तर दोन पेट्यांऐवजी एकच घ्यायची.